सीटी नॉर्मल आला, मग खेळ काहून थांबवला?

*डॉक्टर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडा शिक्षक आहे. ऑगस्टमध्ये तालुकास्तरीय सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉल फायनल होती. आम्ही १-० ने पुढे होतो. हेडिंगला उडी मारताना आमच्या डिफेंडरचं डोकं समोरच्या पोराच्या डोक्यावर आदळलं. तो पडला, लगेच उठला, 'मले काई नाई झालं' म्हणाला आणि खेळू लागला. दोन-तीन मिनिटांनी पाहतो तर आपल्याच गोलकडे तोंड करून उभा. मी आत धावलो. तो सारखा 'सर, हाफटाइम झाला का?' विचारत होता, मान दुखते म्हणत होता. मी सामना थांबवला, त्याला तिथेच आडवं केलं, हलवू दिलं नाही. १०८ यायला चाळीस मिनिटं लागली. मग पाऊस, अंधार. आयोजकांनी दुसऱ्या दिवशी थेट पेनल्टीवर निकाल लावला, आम्ही हरलो. सीटी नॉर्मल निघाला. आता पोराचे वडील विचारतात, काही नव्हतंच तर खेळ काहून थांबवला? मुख्याध्यापकांना अहवाल हवा आहे, पण त्यात 'चक्कर आली' एवढंच लिहा म्हणतात. मी डॉक्टर नाही, डोक्याला मार लागला असं मी कसं लिहू? आणि खरंच माझी घाई झाली का?*

नमस्कार सर,

तुमच्या पत्रातलं 'मी सामना थांबवला' हे वाक्य मला आधी बाजूला काढावंसं वाटतं, कारण गावातला सगळा वाद त्याच्याच आधाराने उभा आहे आणि ते पूर्ण खरं नाही. त्या संध्याकाळी तीन वेगवेगळे निर्णय झाले. पोराला खेळातून बाहेर काढायचं, हा तुमचा निर्णय. खेळ थांबवायचा, हा पंचांचा. फुटबॉलच्या नियमांतला पाचवा नियम सांगतो की खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असं पंचांना वाटलं तर ते खेळ थांबवतात. किरकोळ वाटली तर चेंडू बाहेर जाईपर्यंत चालू ठेवतात. प्रशिक्षकाला शिटी नसते, तो ओरडून सांगू शकतो एवढंच. आणि उरलेला सामना पुन्हा न खेळवता पेनल्टी घ्यायच्या, हा तिसरा निर्णय आयोजकांचा. अर्धवट सुटलेला सामना पुन्हा खेळवावा, स्पर्धेच्या नियमांत किंवा आयोजकांच्या निर्णयात वेगळं असेल तर तसं करावं, असं सातवा नियम म्हणतो. म्हणजे तुम्ही हरलात ते तिसऱ्या निर्णयामुळे, आणि वडील जाब मागताहेत पहिल्याचा. ही गल्लत तुमच्याही डोक्यात झाली आहे, म्हणून अहवाल लिहायला हात धजावत नाही.

आता घाईचं पाहू. डोकं आदळल्यावर मेंदूला हादरा बसतो आणि काही काळ त्याचं काम बिघडतं; आम्ही त्याला कन्कशन म्हणतो. लोकांची समजूत अशी की पोरगं बेशुद्ध पडलं तरच खरं. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्या दहातला एखादाच बेशुद्ध होतो. बाकीचे उठतात, मातीचे हात झटकतात आणि 'काही नाही झालं' म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. आपल्याला काय झालंय हे ओळखायचं काम ज्या मेंदूचं, त्यालाच हादरा बसलेला असतो. म्हणून या बाबतीत पोराचं म्हणणं नव्हे तर बाहेरच्या माणसाचे डोळे धरायचे असतात.

तुमच्या डोळ्यांना दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही भक्कम आहेत. डिफेंडर आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहतो आणि मध्यांतर होऊन गेलेलं त्याला आठवत नाही. मुख्याध्यापक बहुधा असंही म्हणत असतील की त्याने नाव-गाव तर बरोबर सांगितलं. नाव, गाव, वडिलांचं नाव या गोष्टी हादऱ्यातही टिकतात. पुसली जाते ती ताजी आठवण. म्हणून मैदानावर विचारायचे प्रश्न वेगळे असतात: आपण आत्ता कोणत्या मैदानावर आहोत, पहिला हाफ चालू आहे की दुसरा, शेवटचा गोल कोणी मारला, मागचा सामना कोणाशी होता, तो आपण जिंकलो का. एकाही उत्तरात गडबड झाली तर खेळाडू बाहेर. आणि पाचही उत्तरं बरोबर आली म्हणून तो ठीक आहे असं मात्र समजायचं नाही. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं, शून्यात पाहणं यातलं काहीही दिसलं तरी बाहेरच. त्या दिवशी परत आत घ्यायचं नाही, दहा मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही. तुमच्या पोराने तर तुम्ही न विचारताच एका प्रश्नाचं उत्तर चुकवलं होतं.

फक्त गोंधळलेला असता आणि मान दुखत नसती, तर त्याला धरून सावकाश बाहेर आणता आलं असतं, बदली खेळाडू गेला असता आणि खेळ पाच मिनिटांत पुन्हा सुरू झाला असता. डोक्याला मार लागला म्हणजे सामनाच गुंडाळायचा, असं नाही. इथे मैदान अडून राहिलं ते मानेमुळे. डोक्यावर एवढा आघात झाल्यावर मान दुखत असेल तर मणक्याला इजा आहे असंच धरून चालावं लागतं, आणि अशा पोराला उचलून बेंचवर नेणं हा जुगार आहे. आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहीत आहे: कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी 'बस सरळ' म्हणून काखेत हात घालतं, मग मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकाने धरून, खड्ड्याखड्ड्यांतून दवाखाना. मान दुखणाऱ्या पोरासाठी याहून वाईट प्रवास मला सुचत नाही. तुम्ही त्याला आहे तिथे आडवं ठेवलंत, ते बरोबर होतं. एका माणसाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, पोराला 'मान हलवू नको' सांगत राहायचं, पाऊस आला तर वर छत्री किंवा स्पर्धेचा बॅनर धरायचा. उलटी झाली तरच कुशीवर वळवायचं, तेही तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून.

सीटीने काय सांगितलं

वडिलांचा प्रश्न रागाचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. सीटी नॉर्मल म्हणजे काही नव्हतं, असं कोणालाही वाटेल. सीटीत दिसतं ते रक्त आणि तुटलेलं हाड. डोक्याच्या कवटीत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढी मोठी आणि चांगली बातमी त्याने दिली. कन्कशन सीटीत दिसतच नाही, कारण त्यात बिघडतं ते काम. रेडिओला खरखर लागली म्हणून त्याच्या पेटीचा फोटो काढला तर फोटो नीटच येणार.

आणखी एक. सीटी तुम्ही नेलंत म्हणून संध्याकाळनंतर झाला. निर्णय मैदानावर घ्यायचा होता. कवटी आणि मेंदूचं वेष्टन यांच्यात रक्त साचतं तेव्हा काही वेळा पोरगं आधी तास-दोन तास चांगलं बोलतं, पाणी मागतं आणि मग झपाट्याने खाली जातं. हे क्वचित होतं. पण कोणाच्या बाबतीत होणार हे मैदानावर उभं राहून ओळखता येत नाही. वडिलांना सांगताना सीटीचा कागद हातात घेऊन सांगा: 'भाऊ, आत रक्त नाही हे आपल्याला या कागदाने सांगितलं. त्या वेळेस माह्याजवळ हा कागद नव्हता.' त्याच बोलण्यात पुढचे तीन आठवडे काय करायचं तेही सांगा, म्हणजे भांडण मागे राहील आणि पोराची गोष्ट पुढे येईल.

अहवाल

मी डॉक्टर नाही, मी कसं लिहू, असं तुम्ही विचारता. निदान लिहू नका. तुम्ही लिहायचं ते जे पाहिलं, जे ऐकलं, जे केलं, आणि प्रत्येकाची वेळ. 'कन्कशन झाले' हे माझं वाक्य आहे. 'डोक्याला इजा झाल्याचा संशय आल्याने' हे वाक्य लिहायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण संशय तुमचाच होता. तुमच्या पत्रावरून मी एक मसुदा करून देतो. वेळा आणि डोक्याची बाजू मी अंदाजाने घातली आहे, त्या तुमच्या तुम्ही भरा.

"तालुकास्तरीय सतरा वर्षांखालील मुलांच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या हाफमध्ये, सुमारे ५.४५ वाजता, आमचा खेळाडू क्र. ५ हेडिंगसाठी उडी घेत असताना त्याच्या डोक्याची डावी बाजू प्रतिस्पर्धी खेळाडूच्या डोक्यावर आदळली. हे मी स्वतः पाहिले. तो खाली पडला व काही सेकंदांत स्वतः उठला. तो बेशुद्ध झाल्याचे मला दिसले नाही. 'मले काई नाई झालं' असे तो म्हणाला व खेळू लागला. खेळ चालू राहिला. त्यानंतर दोन-तीन मिनिटे तो खेळत होता. या काळात त्याच्या डोक्याला पुन्हा मार लागल्याचे मला दिसले नाही. सुमारे ५.४८ वाजता तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून उभा दिसला. मी पंचांना हाक मारली व मैदानात गेलो. 'हाफटाइम झाला का' असे त्याने अनेकदा विचारले, तसेच मान दुखत असल्याचे सांगितले. उलटी किंवा झटका आला नाही. डोक्याला व मानेला इजा झाल्याचा संशय आल्याने त्याला न हलवता जागीच झोपवावे व खेळ थांबवावा, अशी विनंती मी पंचांना केली. पंचांनी खेळ थांबवला. ५.५० वाजता १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका ६.३० वाजता आली. तोवर तो शुद्धीवर होता व बोलत होता. त्याच्यासोबत मी रुग्णालयात गेलो. पालकांना फोन केल्याची वेळ अशी. रुग्णालयाच्या कागदपत्रांची प्रत सोबत जोडली आहे."

उलटी-झटक्याबद्दल पत्रात काही नाही, म्हणून मी 'आला नाही' धरलं. आला असेल तर तसं लिहा. जे झालं नाही तेही अहवालात येतं, कारण डॉक्टरला ते तितकंच लागतं. त्या दोन-तीन मिनिटांचं वाक्य कोणी गाळायला सांगेल, शाळेवर बोट येईल म्हणून. गाळू नका. हादरा बसलेल्या अवस्थेत दुसरा मार लागला का, हा तपासणाऱ्या डॉक्टरचा पहिल्या काही प्रश्नांतला प्रश्न असतो. शाळकरी वयात पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला अचानक सूज येते आणि त्यात जीव गेल्याच्या नोंदी आहेत. आणि एक बारीकशी बाब: पंचांच्या परवानगीशिवाय मैदानात जायचं नसतं. तुम्ही हाक मारत आत गेला असाल तर 'हाक मारली व गेलो' असंच लिहा. पंचांच्या अहवालात तसं असेल आणि तुमच्यात नसेल, तर तेवढ्यावरून बाकीचा कागद संशयात येतो.

अहवाल हाताने लिहा किंवा टाइप करा, पण शाळेच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद करून क्रमांक घ्या, स्वतःकडे सही-शिक्क्याची प्रत ठेवा आणि एक पालकांना द्या. पेनल्टीच्या निकालावरची तक्रार यात एका ओळीनेही घालू नका. ती करायची असेल तर स्पर्धेच्या नियमपत्रकातली मुदत पाहून तालुका क्रीडा संयोजकांकडे वेगळा अर्ज. आणि पोराचा सीटीचा कागद शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर तो काढायला लावा.

'चक्कर आली' का चालत नाही

मुख्याध्यापकांचा हेतू वाईट असेल असं मी धरत नाही. 'चक्कर' लिहिलं की प्रकरण मिटतं, असं त्यांना वाटतं. पण आपल्या भागात या शब्दाने वेगळाच घोटाळा होतो. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे कपाशीवर फवारणीचे दिवस. शाळा सुटल्यावर सोळा वर्षांची पोरं बापासोबत पंप पाठीवर घेतात. फवारणीच्या विषबाधेतही डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, अंधूक दिसतं, माणूस गोंधळतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्याने फवारणीत काय भोगलं ते तुम्हाला सांगायला नको. दोन दिवसांनी हे पोरगं शेतात जाऊन आलं आणि ओकायला लागलं, आणि शाळेच्या कागदावर नुसतं 'चक्कर' असेल, तर ग्रामीण रुग्णालयातला रात्रपाळीचा डॉक्टर डोक्याच्या माराचा विचार कशावरून करणार? उलटही खरं आहे. म्हणून शंका दूर करायची तर कागदात भर घाला: सामन्याआधी काय खाल्लं होतं, पाणी प्यायला होता का, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फवारणी केली होती का, आभाळ होतं की ऊन. ही माहिती मुख्याध्यापकांच्याही मनासारखी आहे. 'चक्कर' ऐवजी ती द्या. त्यांना सांगा की शाळेला सांभाळून घेणारा अहवाल म्हणजे ज्यात वेळा आहेत, पोराला कधी काढलं आणि १०८ ला कधी फोन केला हे आहे.

पोराचं पुढे

तुमच्या पत्रात तो आता कसा आहे हे नाही. डोकं दुखतंय का, उजेड-आवाज सोसतो का, वर्गात लक्ष लागतं का, झोप बिघडली का, चिडचिड करतो का, हे आईला विचारा. बापापेक्षा तिला आधी कळलेलं असतं. पहिले एक-दोन दिवस बेताने घ्यायचे: घरात चालणं-फिरणं चालेल, मोबाइल कमी, अभ्यास थोडा. त्यानंतर अंथरुणात पडून राहायची गरज नाही. आधी शाळा पूर्ण वेळ जमली पाहिजे, खेळ त्यानंतर. मग चालणं, हलकं धावणं, चेंडूसोबत एकट्याचा सराव, असं एकेक पायरीने. त्रास वाढला की एक पायरी मागे. धक्काबुक्की आणि हेडिंग सगळ्यात शेवटी. ब्रिटनमध्ये २०२३ साली गावपातळीच्या खेळांसाठी केलेला नियम मला आपल्यालाही सोयीचा वाटतो, कारण त्याला तज्ज्ञ हाताशी असावा लागत नाही: दुखापतीनंतर २१ दिवसांच्या आत स्पर्धेचा सामना नाही, आणि तोही सलग १४ दिवस बसल्याजागी काही त्रास नसेल तरच. तुमच्या डॉक्टरांनी याहून जास्त सांगितलं तर त्यांचं ऐका. चार आठवड्यांनंतरही डोकं दुखत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा दाखवा. या काळात सायकल, झाडावर चढणं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणं बंद, आणि फवारणी तर मुळीच नाही.

असाच प्रसंग ज्यांच्यावर येईल त्या बाकीच्या सरांसाठी पहिल्या रात्रीबद्दल थोडं. दवाखान्याने घरी सोडलं आणि पोराचं गाव पंधरा-वीस किलोमीटर आत असेल, शेवटची एसटी निघून गेली असेल, तर ती रात्र त्याला तालुक्याच्या गावात कोण्या नातेवाइकाकडे किंवा तुमच्याकडे ठेवा. रात्री दोनला नाल्याला पूर असताना गाडी शोधण्यापेक्षा ते सोपं. एकटं सोडू नका. झोपू देऊ नये हा जुना समज आहे. झोपू द्या, फक्त मधे एक-दोनदा उठवून नीट बोलतो का ते पाहा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातपाय लुळे पडणं किंवा मुंग्या, एकाचे दोन दिसणं, विचित्र चिडणं, किंवा जागं न होणं, यातलं एकही दिसलं की सकाळची वाट न पाहता दवाखाना. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल चालतं. मेडिकलमधून मिळणाऱ्या अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत बऱ्याचदा आयबुप्रोफेन असतं. ते आणि अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि ती चाळीस मिनिटं. पुढच्या वर्षी सामन्याच्या सकाळीच पाहून ठेवा की मैदानाच्या फाटकाचं कुलूप कोणाकडे आहे, गाडी चिखलातून कुठवर येते आणि १०८ ला फोनवर खूण कोणती सांगायची. तालुका क्रीडा संकुल एवढं सांगून गाडीवाल्याला सापडतंच असं नाही. फोन एकाने करायचा, एकाने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, आणि डोक्याशी बसणारा माणूस आधीच ठरलेला असावा, कारण त्या क्षणी प्रशिक्षकाला पंच, पालक आणि उरलेली दहा पोरं यांच्याकडेही पाहावं लागतं. समोरच्या शाळेच्या त्या पोराचीही चौकशी करा. धडक दोघांच्या डोक्यांची झाली होती, आणि तुमच्या पत्रात त्याचा पुढे उल्लेख नाही. त्याच्या सरांना आजच फोन लावून वर दिलेले प्रश्न कळवा.